खोडावरचे ओरखडे

अनाथ जनावरांच्या त्या केंद्रात सगळे तिला आत्या म्हणत. खरी आत्या ती एकट्या डॉक्टरची, तो तिच्या धाकट्या भावाचा मुलगा. नोकरीला लागला त्याच आठवड्यात सगळ्यांदेखत तो सवयीनं म्हणाला, "आत्या, कात्री दे गं." तेव्हापासून पिंजरे झाडणाऱ्या माणसापासून वनखात्याच्या साहेबांपर्यंत ती सगळ्यांची आत्या झाली. तिलाही ते आवडलं. लग्न नाही, मूलबाळ नाही, निदान नातं तरी फुकटात मिळालं, असं ती म्हणायची.

आई मेलेली पिल्लं वाढवायची आणि मोठी झाली की जंगलात सोडायची, हे तिचं काम. त्याच्या जोडीला आणखी एक काम तिच्या गळ्यात पडलं होतं. डोंगराच्या कुशीतले बागवाले आणि वनरक्षक तिला फोनवर फोटो पाठवत. कुरतडलेलं फळ, फुटलेला अक्रोड, सोललेलं खोड. खाली प्रश्न ठरलेला: कोणी खाल्लं?

आत्या फोटो मोठा करून बघायची. अक्रोडाला नीट गोल भोक आणि भोकाच्या कडेला दातांच्या बारीक रेघा असल्या तर उंदीर. शिवणीवर उकलून दोन स्वच्छ वाट्या झाल्या असल्या तर खार. भोक वेडंवाकडं, टोचून टोचून पाडलेलं असेल तर पक्षी. आणि कवचाचा नुसता चुरा, दाढेखाली भरडल्यासारखा, तर अस्वल. एकदा कुणीतरी अर्ध्या नाशपातीचा फोटो पाठवला. काप इतका सरळ होता की आत्यानं लिहिलं, "या जनावराला दोन पाय आहेत आणि हातात सुरी आहे. घरातच शोधा." त्या माणसाचा पुन्हा फोटो आला नाही.

फोटोवरून ओळखायला बसलं की माणसं नेमकं हवं ते दाखवत नाहीत, ही तिची नेहमीची तक्रार. खोडाच्या अगदी जवळून फोटो काढतात, मग ते जमिनीपासून किती उंचावर आहे ते कळत नाही. शेजारी मापाला काही ठेवत नाहीत, मग दाताची रेघ केसाएवढी की बोटाएवढी ते कळत नाही. वर फ्लॅश मारतात, आणि समोरून पडलेल्या उजेडात खोल चरासुद्धा सपाट दिसतो. "उजेड बाजूनं पडू द्या, शेजारी काड्यापेटी ठेवा, आणि एक फोटो लांबून काढा," हे वाक्य तिनं इतक्या वेळा लिहिलं होतं की फोन आता दोन शब्दांनंतर बाकीचं स्वतःच सुचवायचा.

त्या वर्षी डोंगरावरच्या ओकाच्या झाडांना फळच धरलं नाही. पावसानं ऐन मोहरात झोडपलं होतं. साळिंदरं, रानडुकरं, हरणं, जो तो खाली उतरला. फोटोंचा नुसता पाऊस पडत होता. त्यातच एका बागवाल्याचे फोटो आले. हा मनुष्य म्हाताऱ्या आईबरोबर रस्त्याच्या अगदी टोकाला राहायचा. सफरचंद, नाशपाती आणि बांधावर अक्रोडाची झाडं. मजूर मिळेनात म्हणून फळं झाडाखालीच पडून होती.

"अस्वल आलंय," त्यानं लिहिलं होतं. "आईला बाहेर पडायची भीती वाटते."

आत्यानं फोटो बघितले. सफरचंदाच्या बुंध्याची साल जमिनीलगत गोल कुरतडलेली होती, गुडघ्याच्याही खाली. लाकडावर रुंद रेघा होत्या, जोडीजोडीनं, पटाशीनं तासल्यासारख्या. खाली सालीचे तुकडे पडलेले. तिनं लगेच फोन लावला.

"साळिंदर आहे. अस्वल नाही."

"नक्की? साल केवढी सोलली आहे बघा ना."

"अस्वल साल सोलतं तेव्हा लांब पट्टे ओढून काढतं. इथं कुरतडून तुकडे पाडलेत. आणि या रेघा समोरच्या दातांच्या आहेत, नखांच्या नाहीत. बुंध्याला तारेची जाळी गुंडाळा. आणि दादा, एक ऐका, खाली पडलेली फळं उचला. रोज. कुजलेल्या नाशपातीचा वास फार लांब जातो. आज साळिंदर आलंय, उद्या मोठा पाहुणा येईल."

"उचलतो," तो म्हणाला. "एकटा माणूस आहे हो मी. पण उचलतो."

हायसं वाटल्यासारखा त्याचा आवाज झाला. आत्यालाही हायसं वाटलं होतं, कारण त्या डोंगराच्या पलीकडच्या अंगाला तिनं ठकीला सोडलं होतं.

ठकी म्हणजे अस्वलाचं पिल्लू, केंद्रात आली तेव्हा मांजराएवढी होती. उजव्या पुढच्या पंजाभोवती फासाची तार रुतलेली, आई जवळच मरून पडलेली. पंजा वाचला, पण मधल्या बोटाचं नख मुळासकट गेलं. डॉक्टरनं टाके घातले आणि म्हणाला, "हे आता पुन्हा उगवायचं नाही." लाकडी बाहुलीसारखी बसून राहायची, म्हणून आत्यानं तिला ठकी म्हटलं. नाव ठेवायचं नाही, असा केंद्राचा नियम होता. ठकीला सगळ्यांनी ठकीच म्हटलं.

आत्यानं तिला वाढवलं ते तोंडावर जाळी बांधून, अंगात मळका झगा घालून, एक शब्द न बोलता. माणसाचा वास, माणसाचा आवाज आणि खाणं यांची सांगड तिच्या डोक्यात बसता कामा नये. जेवण कधी हातानं दिलं नाही. मुंग्यांची वारुळं, बेरी, ओकाची फळं कुंपणात लपवून ठेवायची आणि ती शोधते का ते भिंतीच्या फटीतून बघायचं. सोडायची वेळ आली तेव्हा वनखात्यानं परवानगी दिली, पण एका अटीवर. जंगलातलं अस्वल पहिल्यांदा वस्तीत घुसलं तर त्याला पकडून लांबच्या डोंगरात सोडतात. केंद्रात वाढलेल्या अस्वलाला ती सवलत नाही. ते वस्तीत आलं, तर पुन्हा सोडायचं नाही; ठेवायला कुठं जागा मिळाली नाही तर मारायचं. आत्यानं ती अट मान्य केली होती. मान्य केली नसती तर ठकी आयुष्यभर पिंजऱ्यात राहिली असती.

गळ्यातला पट्टा ठरल्याप्रमाणे वर्षभरानं आपोआप गळून पडला. त्यानंतर ठकी कुठं आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि आत्याच्या मते तेच खरं यश होतं.

नंतरचे फोटो सकाळी आले, आत्या पिल्लांच्या बाटल्यांसाठी दूध तापवत असताना. या वेळी बागवाल्यानं सगळं तिनं सांगितलं होतं तसं केलं होतं. लांबून एक फोटो, जवळून बरेच, उजेड बाजूनं पडलेला. आधी फळं साठवायच्या खोलीचं दार, बिजागरीतून उखडलेलं. मग गवतात भरडलेल्या अक्रोडांचा चुरा. मग बांधावरचं तरणं अक्रोडाचं झाड. वरच्या फांद्या आत ओढून मोडलेल्या आणि बेचक्यात घरट्यासारख्या दाबून बसवलेल्या. अस्वल वर बसून खातं तेव्हा असंच करतं. याला काही डोकं लावायला नको होतं.

मग खोड. साल अजून गुळगुळीत, करडी, आणि तिच्यावर ओरखडे. काही आखूड, खोल, आकड्यासारखे, चढताना रुतवलेल्या नखांचे. काही लांबच लांब, उतरताना घसरलेल्या नखांचे. कडा पांढऱ्या, ओल्या. रस अजून वाळला नव्हता.

मापाला काड्यापेटी सापडली नसावी. खोडाच्या एका फुटलेल्या गाठीवर एक चप्पल अडकवून ठेवली होती. म्हातारीची चप्पल, टाच झिजलेली.

आत्यानं डाव्या पंजाचे ठसे मोजले. चार समांतर रेघा, एकसारख्या अंतरावर. आतल्या छोट्या बोटाची पाचवी कधी उमटते कधी नाही. मग उजवा पंजा. दोन रेघा, मग मोकळी साल, मग एक. बाहेरची एक पुसट. तिनं पुढचा फोटो उघडला. दोन, मोकळी जागा, मग पुन्हा. एखाद्या ठिकाणी नख टेकलं नाही, असं होऊ शकतं. तिनं आणखी वरचा ठसा बघितला. उतरतानाचा बघितला. तिथंही रेघांच्या मधोमध तीच रिकामी पट्टी होती, सरळ खालपर्यंत उतरत गेलेली.

दूध उतू गेलं. डॉक्टर धावत आला, त्यानं गॅस बंद केला आणि तिच्याकडं बघितलं. तिनं फोन त्याच्यापुढं धरला. त्याला सांगावं लागलं नाही. ते टाके त्यानंच घातले होते.

त्यानं ओट्यावर सांडलेलं दूध पुसलं. मग तो म्हणाला, "साहेबांनी विचारलं का तुला?"

"विचारतील. बागवाल्यानं त्यांनाही पाठवलेत."

"त्यांना यातलं काही कळणार नाही, आत्या. अस्वल आहे एवढं कळेल. कुठलं, ते तू सांगशील ते."

"पकडल्यावर तू यंत्र फिरवशील ना तिच्या खांद्यावरून? कातडीखाली चिप आहे."

"चिप कधी कधी सापडत नाही." तो भांडी विसळायला लागला. तिच्याकडं न बघता म्हणाला, "सरकते. बिघडते. मी काय सांगतो, जंगली आहे म्हणू. खोक्यात घालतील, लांब नेऊन सोडतील. तिला एक संधी मिळेल. सगळ्यांना मिळते ती."

आत्या स्टुलावर बसली. हा मुलगा लहानपणी खोटं बोलायला लागला की त्याचे कान लाल व्हायचे. आता कान लाल नव्हते. म्हणजे त्यानं ठरवून टाकलं होतं.

"परत येईल रे ती," आत्या म्हणाली. "दार कसं उघडतं ते तिला आता कळलंय. लांब नेलं तर तिथलं कुणाचं तरी दार उघडेल. अस्वलं कुठून कुठून परत येतात, तुला माहीत आहे."

"येईलच असं नाही."

"ही चप्पल बघितलीस?"

त्यानं बघितली.

"तो तिथं मापाला चप्पल शोधत हिंडला नसेल. म्हातारी अक्रोड वेचायला झाडाखाली होती म्हणून चप्पल तिथं होती. सकाळची. आणि साल बघ, ओली आहे. दोघींत फार वेळाचं अंतर नव्हतं." तिनं फोन पालथा ठेवला. मग म्हणाली, "फोटोत जे आहे ते मी दुसऱ्यांना सांगते. माझ्या पोरीच्या वेळी नाही सांगायचं, असं कसं करू?"

डॉक्टर म्हणाला, "सुई मला मारावी लागेल, आत्या."

"हो," ती म्हणाली. "ते मला कळतंय."

दुपारी साहेबांचा फोन आला. आत्यानं सरळ सांगितलं. उजवा पंजा, मधलं नख नाही, प्रत्येक ठशात. आमची आहे.

पलीकडं साहेब म्हणाले, "एखादा फोटो पुसट असेल तर मी शंका आहे असं लिहू शकतो."

"फोटो चांगले आहेत," आत्या म्हणाली. "मीच त्याला शिकवलं कसे काढायचे."

संध्याकाळपर्यंत ती फोनवर होती. केंद्रात मोठं अस्वल ठेवायची सोय नव्हती. जिथं जिथं अस्वलं ठेवतात तिथं तिथं तिनं विचारलं. एकीकडं जागा नव्हती. एकीकडं होती, पण तिथली आधीचीच अस्वलं दाटीवाटीनं राहत होती आणि नवीन घ्यायला बंदी होती. एका बाईंनी फार प्रेमानं सांगितलं, "मोकळ्यात राहिलेलं जनावर आहे हो, ते इथं गजांवर डोकं आपटून आपटून मरतं. मी बघितलंय." आत्यानंही बघितलं होतं.

चाकांवरचा लोखंडी पिंजरा बागेत नेऊन ठेवला. जाड नळकांड्यासारखा तो. आत मधात बुडवलेल्या नाशपाती. दुसऱ्याच सकाळी दार पडलं.

आत्या गेली तेव्हा अंगणात साहेब, दोन वनरक्षक आणि बागवाला उभे होते. बागवाला पुढं आला. चाळिशीचा, खांदे पडलेला माणूस. "तुम्ही सांगितलं होतं फळं उचला," तो म्हणाला. "मी उचलत होतो. पण बाग मोठी आणि पाठ धरली माझी. राहून गेली काही." त्याला आणखी बोलायचं होतं, पण आत्यानं त्याच्या दंडावर हात ठेवला आणि पुढं गेली.

पिंजऱ्याच्या तोंडाला जाळी होती. आत्यानं झगा घातला नव्हता, तोंडावर जाळी नव्हती. पहिल्यांदाच तिनं त्या जनावराला आपलं तोंड दाखवलं. "ठके," ती म्हणाली.

आतून जोराची फुसकार आली. दात कटकट वाजले. मग पंजा पत्र्यावर असा आदळला की वनरक्षक मागं सरले. केस पिंजारून, पाठ भिंतीला लावून, ती जितकं मागं जाता येईल तितकी मागं गेली होती. डोळ्यांत ओळखीचा मागमूस नव्हता. नुसती भीती होती.

"मला ओळखत नाही," आत्या साहेबांकडं वळून म्हणाली. तिचा चेहरा एकदम उजळला होता, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "बघा ना साहेब, माणसाला घाबरते ती. जंगली झाली आहे. मी नीट वाढवली होती हो तिला."

साहेबांनी टोपी काढून हातात धरली. "नीटच वाढवलीत," ते म्हणाले. "पण तिनं दार फोडलं, आत्या. आत म्हातारी असती तर? आणि आता मी काही केलं नाही, तर पुढच्या वेळी तुमच्या कुठल्याच पिल्लाला सोडायची परवानगी मिळणार नाही."

आत्याला हे माहीत होतं. तरी तिला ते कुणीतरी म्हणायला हवं होतं.

डॉक्टरनं आधी गुंगीची सुई दिली, लांब काठीनं. ठकीची मान हळूहळू पंजांवर टेकली. त्यानं खांद्यावरून यंत्र फिरवलं, ते वाजलं. मग आत्या जाळीतून हात घालून तिच्या कानामागं बोटं फिरवत बसली. एवढ्या वर्षांत जे एकदाही केलं नव्हतं ते. कान जाड होते, केस राठ, आणि वास ओल्या पानांचा. दुसरी सुई देताना डॉक्टरचा हात अगदी स्थिर होता. नंतर तो गाडीच्या पलीकडं गेला आणि बराच वेळ आला नाही.

शवविच्छेदन त्यालाच करावं लागलं. संध्याकाळी तो आत्याच्या खोलीत आला. अंगाला साबणाचा वास येत होता.

"पोटात नाशपाती होत्या, अक्रोड होते," तो म्हणाला. "पण आतड्यात मुंग्या. खूप मुंग्या. आणि कुठल्या कुठल्या रानबेरींच्या बिया. अंगावर चरबी जवळजवळ नाहीच. तिनं वर सगळं शोधून बघितलं होतं, आत्या. काही मिळालं नाही तेव्हाच ती खाली आली."

आत्यानं खुर्ची त्याच्याकडं सरकवली. लहानपणी शाळेतून मार खाऊन आला की तो तिच्याजवळ असाच येऊन बसायचा. दोघांनी चहा घेतला. तिनं त्याच्या कपात साखर जास्त घातली, तो तसाच प्यायला.

पानं गळून गेली तेव्हा आत्या एकदा एकटीच त्या बागेत गेली. कामासाठी नाही. ते झाड तिनं फक्त फोनवरच बघितलं होतं, पिंजऱ्याच्या दिवशी तिकडं बघायचा धीर झाला नव्हता. बागवाला गावात गेला होता. म्हातारी दारात ऊन खात बसली होती, काठी टेकत तिच्याबरोबर बांधापर्यंत आली.

आत्यानं ओरखड्यांत बोटं घातली. फोटोत वाटले होते त्यापेक्षा खोल होते. कडा आता तपकिरी झाल्या होत्या.

"भरून येतील का हे?" म्हातारीनं विचारलं.

"नाही. झाड जाड होईल तसे रुंद होतात. काळे पडतात. राहतात मात्र."

म्हातारीनं मान हलवली. मग म्हणाली, "तुमची होती म्हणे."

"हो."

"मला भेटली होती एकदा." म्हातारी झाडाकडं बघत बोलत होती. "त्या सकाळीच. मी वाकून वेचत होते आणि धपकन वरून उतरली. इथं होती, तुम्ही उभ्या आहात ना, तिथं. पळायला माझे पाय कुठले? मी म्हटलं, जा गं बाई, जा तुझ्या घरी. हळूच म्हटलं. तर गेली. वळून गेली, अगदी शहाण्यासारखी."

आत्याला तिच्याकडं बघवेना. "कुणाला सांगितलं नाहीत?"

"मुलाला सांगितलं असतं तर त्यानं मला घरात कोंडून ठेवलं असतं. आणि नंतर वाटलं, आता सांगून काय, ती तर गेली." म्हातारीनं काठी दुसऱ्या हातात घेतली. "सांगायला हवं होतं का हो? फरक पडला असता?"

आत्यानं विचार केला. खरोखर केला. दार, चिप, साहेब, डोंगरावरची फळ न धरलेली झाडं. तिला कुठंच काही सापडलं नाही.

"नाही, आई," ती म्हणाली. "नसता पडला."

थंडी वाढली होती. म्हातारीला परत न्यायला तिनं दंड पुढं केला, आणि दोघी पानांवरून सावकाश घराकडं निघाल्या.